सत्तेचाळीस नंबरचं पाउच

दिल्ली कँटोन्मेंटच्या भिंतीपलीकडे सागरपूर नावाची दाटीवाटीची वस्ती आहे. तिथल्या एका तीनमजली घराच्या मधल्या मजल्यावर ममता जगदाळे राहते. दोन खोल्या, एक गॅलरी आणि एक लोखंडी कपाट. कपाटात साड्या नाहीत, दागिने आहेत. ठुशा, वज्रटीका, चिंचपेट्या, लक्ष्मीहार, नथी, बुगड्या, पाटल्या, तोडे, कमरपट्टे. सगळं भाड्याने जाणारं, एखाददुसरी चांदीची वस्तू सोडली तर सगळं खोटं, आणि तरीही असं राखलेलं की खऱ्याच्या मालकिणींनी लाजावं.

दिल्लीत मराठी माणूस तसा विखुरलेला. पण गणपती आले, पाडवा आला, शिवजयंती आली, की गुरगावपासून नोएडापर्यंतच्या बायकांना एकाच आठवड्यात नऊवारी नेसायची हुक्की येते. साडी शिवून मिळते. दागिने कुठून आणायचे? मग कुणीतरी कुणालातरी ममताताईचा नंबर देतं.

हा उद्योग सुरू झाला तो एका फजितीतून. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या युनिटमध्ये बायकांचा कार्यक्रम होता. ममताने पुण्याहून हौसेने दागिने मागवले, नाचून झाल्यावर सगळे एका बिस्किटांच्या डब्यात कोंबले आणि डबा ठेवला कूलरशेजारी. दिल्लीचा उन्हाळा कूलरच्या ओल्या वाऱ्यावरच निघतो. माणसाला तो वारा सुखाचा, पितळेवर चढवलेल्या मुलाम्याला मात्र काळ. जुलैत डबा उघडला तर आत एकच गोळा होता. साखळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, खड्यांनी मोत्यांना ओरखडे काढलेले आणि ठुशी चुलीतून काढल्यासारखी काळी. चांदीची जोडवी तिने रबरबँड लावून ठेवली होती, ती सगळ्यांत जास्त काळवंडली. रबरात गंधक असतं आणि गंधक चांदीचा वैरी, हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं?

नवरा, हवालदार विठ्ठल जगदाळे, डब्यात डोकावून म्हणाला होता की तुझ्या दागिन्यांचा बंकर उडालेला दिसतोय. ममता दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तोच तिला घेऊन पहाडगंजला गेला. तिथल्या होलसेलच्या गल्लीत दोघांनी मऊ कापडाची पाउच घेतली, झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या घेतल्या, कप्प्यांचे चपटे डबे घेतले. आणि एका दुकानदाराने दाखवलेल्या करड्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या. साधा जाड कागद दिसतो, पण बंद पिशवीत दागिन्याशेजारी ठेवला की हवेतलं जे धातूला काळं करतं, ते हा कागद आधी स्वतः गिळतो. सहा महिने, फार तर वर्षभर. मग त्याचं पोट भरतं आणि तो बदलावा लागतो. म्हणून प्रत्येक पट्टीच्या पाठीवर तारीख लिहायची, ही विठ्ठलची अक्कल.

नंबरही त्याचेच. फौजेत चमच्यालाही नंबर असतो, तुझ्या नथीला का नको, असं म्हणून त्याने प्रत्येक पाउचावर कापडी चिठ्ठी शिवली आणि ठसठशीत आकडे घातले. दागिना जुना झाला, टाकून दिला, तरी नंबर तोच राहायचा. त्या जातीची दुसरी वस्तू आली की त्याच नंबरावर बसायची. नऊ म्हणजे मोत्याची नथ. बावीस म्हणजे कोल्हापुरी साज. एकतीस म्हणजे ठुशी. सत्तेचाळीस म्हणजे दोन वाट्यांचं लांब मंगळसूत्र.

बाकीचं ममता आपलं आपण शिकली. परत आलेला दागिना आधी मऊ सुती कपड्याने पुसायचा, घाम आणि अत्तर दोन्ही निघालं पाहिजे. मग पंख्याखाली तासभर, मगच पाउचात. एका पाउचात एकच वस्तू. खड्यांचं आणि मोत्यांचं एका कप्प्यात कधीही नाही. बारीक साखळी सरबताच्या नळीतून ओवून घ्यायची आणि फासा लावून टाकायचा, मग तिची काय टाप आहे गुंता करायची. पिशवीतली हवा तळहाताने दाबून काढायची. मोती मात्र प्लॅस्टिकमध्ये कोंडायचे नाहीत, ते सुकतात, त्यांना नुसतं कापड. आणि चांदीला रबर नाही, वर्तमानपत्र नाही, लोकर नाही. निघालेला मणी किंवा हूक फेकायचा नाही, वेगळ्या पिशवीत घालून परत आणायचा. हे सगळं तिने एका कागदावर लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. ‘दागिने परत करताना’ असं वर मथळा. प्रत्येक गिऱ्हाइकाला दागिन्यांबरोबर तो कागद मिळतो आणि ममता तो समोर बसवून वाचायला लावते. बँकेत नोकरी करणाऱ्या बायासुद्धा तिच्यापुढे शाळेतल्या मुलींसारख्या ओळीवर बोट ठेवून वाचतात.

मागच्या ऑगस्टमध्ये विठ्ठल गेला. कुठल्या सीमेवर नाही, कुठल्या चकमकीत नाही. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी चहाच्या रांगेत उभा होता, जरा बसतो म्हणाला, बसला, आणि उठलाच नाही. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

गावी, माण तालुक्यात, सगळं झालं. सासूने, ठकूबाईंनी, स्वतःच्या हाताने सुनेच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरवलं. इतर बायका ते काम करायला पुढे सरसावल्या होत्या, त्यांना म्हातारीने कोपराने मागे सारलं. मंगळसूत्र आपल्या पदराच्या टोकात धरून तिने ममताच्या ओच्यात टाकलं. म्हणाली, “हे तुझं हाय. कुनाला दिऊ नगंस. लेकीला हुईल.” ममताने मान डोलावली. रडली मात्र नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. लोकांना दुसरा शब्द सुचत नाही तेव्हा ते हा वापरतात. ती खंबीर वगैरे काही नव्हती. तिच्या आत काहीच होत नव्हतं, एवढंच. कळशी विहिरीत सोडावी आणि तळ लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं तिला झालं होतं आणि त्या आवाजाची वाट बघणंही तिने सोडून दिलं होतं.

मुलीची, रिंकूची, दहावी. म्हणून तेरावं उरकून दोघी दिल्लीला परतल्या. गणपती तोंडावर होते. फोन वाजायला लागले, ताई नथ आहे का, ताई साज आहे का. कुणाला माहीत होतं, कुणाला नव्हतं. ज्यांना होतं ते आधी वाईट वाटलं म्हणायचे आणि मग नथीचं विचारायचे. ममताने कुणालाच नाही म्हटलं नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कपाट उघडलं, सगळी पाउच जमिनीवर मांडली आणि जुन्या पट्ट्या काढून नव्या घालायला बसली. हात चालत होते. पुसणं, नळी, फासा, पाउच, पट्टी, तारीख, हवा दाबणं, झिप. त्याच ओघात तिने गावाहून आणलेल्या पिशवीतून आपलं मंगळसूत्र काढलं. पुसलं नाही, तेवढं एक केलं नाही. पण नळीतून ओवलं, फासा लावला आणि समोर जे रिकामं पाउच होतं त्यात ठेवलं. सत्तेचाळीसचं जुनं मंगळसूत्र काळं पडल्यामुळे उन्हाळ्यातच टाकून दिलं होतं. त्यामुळे सत्तेचाळीस रिकामं होतं.

ती चूक होती हे तिला तेव्हा कळलं नाही. नंतरही कळलं नाही. कपाट बंद झालं, गणपती आले आणि गेले, थंडी पडली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी रुचिरा आली. ही मुलगी मूळची पुण्याची, गुरगावात कुठल्याशा आयटी कंपनीत. चौदा जानेवारीला पानिपतला काला अंबला जाणार होती. तिथे दरवर्षी त्या दिवशी मराठी माणसं जमतात, लढाईत गेलेल्यांना हात जोडतात. तिच्या ग्रुपमधल्या सगळ्याजणी नऊवारी नेसून बसने निघणार होत्या. शिवाय पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू. त्यामुळे दागिने आठवडाभर हवे होते. हळदीकुंकवाचं बोलताना ती एकदम थांबली, तिची नजर ममताच्या कपाळावर गेली आणि तिथून जमिनीवर. ममताला त्याचं काही वाटलं नाही. या वर्षी तिला कुणी बोलावणार नव्हतं. तिचे दागिने मात्र चार ठिकाणी जाणार होते.

नऊ नंबर, बावीस नंबर, एकतीस नंबर. “आणि ताई, मंगळसूत्र? मला लांब हवंय, प्रॉपर, दोन वाट्यांचं.” ममताने सत्तेचाळीस काढलं, पिशवीची झिप उघडली, नळीतून साखळी ओढून घेतली. लांबी बघायची तिची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवायचं, दागिना स्वतः घालायचा आणि मागे उभं राहून बघायचं. तिने रुचिराचे केस बाजूला केले आणि मंगळसूत्र तिच्या गळ्यात घालून मानेवर फासा लावला. फाशाशेजारी बोटांना एक गाठ लागली. बोटांनी ती ओळखलीही असेल, पण बोटांनी वर काही कळवलं नाही. आरशात बघून ममता म्हणाली, लांबी बरोबर आहे. मग कागद वाचायला दिला आणि चहा विचारला.

चौदा तारखेला संध्याकाळी रिंकू मोबाइल बघत गादीवर लोळत होती. दागिने भाड्याने नेणाऱ्यांचे नंबर तिच्याही फोनमध्ये असतात, स्टेटसला त्यांचे फोटो आले की ती आईला दाखवते. तशी तिने रुचिराची स्टोरी उघडली. काला अंबच्या स्तंभासमोर भगवे फेटे, धुकं आणि पुढे सहा-सात मुली. रिंकूने एक फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि उठून बसली.

“आई, ये तो तेरावालं आहे.”

ममता भाकरी थापत होती. कसलं तेरावालं, असं तिने विचारलं. रिंकू परातीपाशी येऊन बसली आणि फोन आईच्या डोळ्यांपुढे धरला. एक वाटी मोठी, एक छोटी. ममताच्या माहेरच्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे घडवली होती, सासरच्यांनी आपल्या. तशी विजोड जोडी दुकानात मिळत नाही. “देख ना, ही छोटी कटोरी. मी लहानपणी चावायची ती.” दिल्लीत वाढलेल्या पोरीला वाटी हा शब्द जेवणापुरता येतो, गळ्यातलीला ती कटोरीच म्हणते.

ममताने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग हात धुऊन कपाटाकडे गेली. पंचेचाळीस होतं, सेहेचाळीस होतं, अठ्ठेचाळीस होतं. मधला कप्पा रिकामा. ती त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत उभी राहिली आणि तिला सगळं एकेक करून आठवलं, ओचा, पिशवी, नळी, आरसा, त्या मुलीची मान. भाकरी करपल्याचा वास आला. रिंकूने जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन मोठ्याने रडायला लागली. बाबांचं आहे ते, असं कसं देऊन टाकलंस, तुला काही वाटतच नाही का, असं बरंच काही ती बोलली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. ममताने ऐकून घेतलं. पोर म्हणत होती ते खरंच होतं.

फोन कर तिला, आत्ता, असं रिंकूचं म्हणणं. ममता नाही म्हणाली. सोनं आहे म्हटलं की ती पोरगी घाबरेल, कुठंतरी जपून ठेवायला जाईल आणि नेमकं तिथेच हरवेल. खोटं समजते आहे तोवर नंबरावर परत येईल. विठ्ठलच्या नंबरावरून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की रिंकूने हातातला फोन खाली ठेवला.

खरं सांगायचं तर सोन्याची तिला फिकीर नव्हती. तिला काळजी होती ती मानेवरच्या गाठीची.

सहा वर्षांपूर्वी विठ्ठलला लडाखला जायचं होतं. पहाटेची गाडी, बूट घालून तो दारात, आणि ममता रिंकूला झोपेतून उठवायला वाकली तर पोरीने गळ्याला हिसका दिला आणि मंगळसूत्र फाशाजवळ वाढवलं. तुटलं म्हणायचं नसतं. ममताचं तोंड पांढरं पडलं, नवरा निघालेला आणि हे असं. विठ्ठल हसला. त्याने बॅगेतून आपली सुई-दोऱ्याची कापडी गुंडाळी काढली, फौजी गणवेशाचा हिरवा दोरा दातांनी तोडला आणि तुटलेली दोन टोकं जवळ घेऊन त्याला गुंडाळून गुंडाळून अशी गाठ मारली की ती मण्याएवढी घट्ट झाली. मारता मारता म्हणाला, “ही सुटली तर माझं नाव बदल.” सोनाराकडे जायचं आज-उद्या राहिलं. वर्षभराने तो धडधाकट परतला, त्यानंतर ममतालाच जावंसं वाटेना. दोरा घामा-तेलाने काळपट झाला. पण नाव बदलायची वेळ आली नाही.

त्याचा गणवेश युनिटने नेला. त्याचे कपडे गावी वाटले गेले. नंबर होते, पण आकडे कुणीही काढतं. त्याच्या हाताची, त्याच्या बोटांनी आवळलेली अशी ती एकच गोष्ट जगात उरली होती. आणि ती एका अनोळखी पोरीच्या मानेवर गुरगावात फिरत होती. ममताला हे सगळं कळत होतं, बातम्यांतलं कळावं तसं. ती रोज स्वयंपाक करत होती, रिंकूला शाळेत पाठवत होती, पहाडगंजहून नवी पाउच आणत होती. रविवारपर्यंत दिवस मोजायचे नाहीत एवढं तिने ठरवलं होतं आणि ते ती पाळत होती.

रविवार उजाडायच्या आधीच, शनिवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. रुचिरा. दशरथपुरी मेट्रोपासून चालत आली असावी, एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता. फोन न करता आले, सॉरी ताई, असं म्हणत ती आत येऊन जमिनीवरच बसली आणि पिशवीतून एकेक काढून ठेवायला लागली. नऊ नंबरची नथ कापडी पाउचात, प्लॅस्टिकविना. बावीस नंबरचा साज पुसलेला, कोरडा. एकतीस नंबरची पिशवी हवा दाबून बंद. कागदातला शब्द न शब्द पाळला होता. एरवी ममताने तिला शाबासकी दिली असती.

सत्तेचाळीस नंबर तिने दोन्ही हातांत धरून ठेवलं.

“ताई, हे खरं आहे. तुम्हाला माहीत होतं का? मला खरंच नव्हतं माहीत.” मग तिने भराभरा सांगून टाकलं. काला अंबहून परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की मानेजवळ कसलातरी मळका दोरा आहे आणि त्याचं एक टोक उसवलंय. तिला वाटलं आपल्याच हातून झालं. परत करताना ताई काय म्हणतील, म्हणून ती सोसायटीजवळच्या सोनाराकडे घेऊन गेली की नीट तारेने जोडून द्या. सोनाराने जोडून दिलं, मग सहज दगडावर घासून बघितलं आणि म्हणाला, मॅडम, ये तो असली है. तेव्हापासून दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. उद्याच्या हळदीकुंकवाला ती हे घालूच शकणार नव्हती, म्हणून सगळंच आज परत आणलं होतं. बघा ताई, एकदम नवीन झालंय.

ममताने नळीतून साखळी ओढली. दोन वाट्या, एक मोठी, एक छोटी. काळे मणी. पार पुसून लख्ख केलेलं. फाशाशेजारी सोन्याच्या तारेचं छोटंसं वेटोळं, इतकं सफाईदार की जोड शोधावा लागावा. तिने बोट त्याच्यावरून फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिथे काहीच लागलं नाही.

“दोरा कुठंय?” तिने विचारलं.

रुचिराला आधी कळलंच नाही. ममताने पुन्हा विचारलं, आवाज जराही न चढवता. हिरवा दोरा, त्याला गाठ होती. सोनाराने तो काय केला? रुचिराच्या चेहऱ्यावरून ममताला वाटलं, गेला. केराबरोबर गेला. आणि त्या क्षणी तिच्या आत कुठेतरी, फार खाली, कळशी तळाला लागली. इतके महिने जो आवाज आला नव्हता तो आला आणि तो तिला सहन होईना.

रुचिरा मात्र पर्स उलटीपालटी करत होती. मेट्रोचं कार्ड, चाव्या, लिपस्टिक, बिलं. शेवटी तिने एक छोटीशी झिपची पिशवी काढली. तुमच्या कागदात लिहिलंय ना ताई, असं ती चाचरत म्हणाली, जे काही निघेल, तुटेल, मणी असो की हूक, फेकायचं नाही, वेगळ्या पिशवीत घालून परत आणायचं. सोनार टाकत होता, मी मागून घेतला. वेडेपणाच वाटला मला, पण तुम्ही लिहिलं होतं.

पिशवीत दोऱ्याचा इंचभर तुकडा होता. सोनाराने गाठीच्या दोन्ही बाजूंना कातर लावली होती. गाठ तशीच होती, मण्याएवढी, घट्ट, काळपट हिरवी. आणि तिच्याशेजारी त्या शहाण्या मुलीने एक करडी पट्टी कापून ठेवली होती, दोरा काळा पडू नये म्हणून.

ममताने ती पट्टी बघितली आणि तिला हसू आलं. हसता हसता ते रडणं झालं. पदर तोंडात धरून ती रडली, मग पदरही सुटला. गिऱ्हाइकासमोर, दार उघडं, शेजारीण गॅलरीत. ऑगस्टपासूनचं सगळं एकदम. रुचिरा घाबरून आधी सॉरी म्हणत राहिली, मग ममताच्या शेजारी सरकून बसली. खाली गल्लीत भाजीवाला मटार मटार ओरडत गेला.

मग ममताने तिला सांगितलं. गाडी, दारातले बूट, दाताने तोडलेला दोरा. फार सांगितलं नाही, चार वाक्यांत आटोपलं. रुचिराने मान खाली घातली, तिला आता सोनाराकडे गेल्याचं मरणाचं वाईट वाटत होतं. तुझी काही चूक नाही, असं ममता म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं. चूक तिचीच होती. तिनेच नंबर बघितला होता, वस्तू बघितली नव्हती. रुचिराला चहा पाजून तिने तिला मेट्रोपर्यंत सोडलं आणि वाटेत, उद्यासाठी दुसरं छोटं मंगळसूत्र हवं असलं तर घेऊन जायचं होतंस, असंही म्हणाली.

रिंकू क्लासहून आली तेव्हा आई जमिनीवर बसली होती, डोळे सुजलेले. समोर तो दोरा. रिंकू आईच्या पाठीला टेकून बसली.

इतक्या वर्षांत ममताला पहिल्यांदाच कळत नव्हतं की समोरची वस्तू ठेवायची कशात. सोन्याचं ठाऊक होतं, चांदीचं ठाऊक होतं, मोत्याचं ठाऊक होतं. दोऱ्याला पट्टी लागत नाही. दोरा काळा पडत नाही, तो आधीच पडलेला असतो. झिपच्या पिशवीत त्याला परत कोंडावंसं वाटेना. शेवटी ती उठली, पलंगाखालची विठ्ठलची काळी ट्रंक ओढली. ऑगस्टपासून तिला हात लावला नव्हता. वरचं घोंगडं बाजूला केलं, खाली ती कापडी गुंडाळी होती. सुया, चार बटणं आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ. तिने तो तुकडा रिळाशेजारी ठेवला आणि गुंडाळी पुन्हा बांधली.

मंगळसूत्र तिने या वेळीही पुसलं नाही, कारण पुसायचं काही उरलंच नव्हतं. नळी, फासा, नवं पाउच, पट्टी, तारीख. चिठ्ठीवर नंबर घालायला पेन टेकवलं आणि थांबली. मग तिथे लिहिलं, ममता. ते पाउच कपाटात न ठेवता तिने ट्रंकेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. हातात ‘दागिने परत करताना’ची मूळ प्रत होती. पुसा, वाळवा, एका पाउचात एक, फासा लावा, निघालेलं सगळं परत आणा. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त खाली, जागा उरली होती तिथे, तिने आपल्या अक्षरात एक नवी ओळ लिहिली होती. झेरॉक्सवाल्याला मराठी येत नव्हतं, त्याने न वाचताच पन्नास प्रती काढून दिल्या.

‘काही वाढवलं, तर आहे तसं आणून द्या. दुरुस्त करू नका.’